हळू म्हणजे सोपं नव्हे

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून आमच्या घरात जर्मन हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला आहे. माझी पुतणी शिरढोणला राहते. नर्सिंगचं शिक्षण झालं आहे आणि तिकडे जायचं तिचं ठरलं आहे. परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं. ती सध्या ए-१ वर, म्हणजे पहिल्या पायरीवर आहे. माझी मोठी बहीण पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकली आणि नंतर तिने बरीच वर्षं कॉलेजात ती शिकवली. ताई माहेरी आली की दोघींची जुंपते ती एकाच मुद्द्यावरून. नवशिक्याने जर्मन सिनेमे, गाणी, पॉडकास्ट ऐकावेत का, आणि ऐकायचे तर कसे? गेल्या खेपेला मी शेजारी वही घेऊन बसलो होतो. दोघींचं बोलणं जमेल तसं उतरवलं आहे, मधेमधे माझंही मत घातलं आहे.

पुतणी: आत्या, मी दिवसभर कानात जर्मन ठेवते. स्वयंपाक करताना, पनवेलला जाताना बसमध्ये. लहान मूल तसंच शिकतं ना? आधी ऐकतं, मग बोलतं.

ताई: काय ऐकतेस?

पुतणी: डॉइच वेलेच्या बातम्या. सोमवार ते शनिवार रोज येतात. मुद्दाम हळू वाचतात, एकेक शब्द सुटा. शिकणाऱ्यांसाठीच आहेत त्या.

ताई: आजच्या बातमीत काय होतं?

पुतणी: …युक्रेनबद्दल काहीतरी. आणि बुंडेस्टाग असा शब्द आला दोनदा.

ताई: म्हणजे देशाचं नाव आणि संसदेचं नाव. ती तर मराठी पेपरातूनही कळली असती. अगं, त्या बातम्या बी-२ आणि सी-१ वाल्यांसाठी आहेत, त्यांच्या पानावरच तसं लिहिलेलं असतं. वाचणारा हळू वाचतो, पण शब्द तेच राहतात. अर्थसंकल्प, निर्बंध, युद्धविराम. वाक्यंही लांबलचक. हळू म्हणजे सोपं नव्हे.

पुतणी: पण कानाला सवय होते की.

ताई: सवय होते ती न कळण्याची. जे अजिबात कळत नाही ते तासन्‌तास वाजत राहिलं की कान त्याला पंख्याच्या आवाजात धरायला लागतो. आणि तुझ्या लहान मुलाचं म्हणशील तर त्याच्याशी कोणी बातम्या बोलत नाही. आई हातातली वाटी दाखवून वाटी म्हणते. समोर वस्तू असते, माणूस असतं, तेच वाक्य दिवसात पन्नासदा येतं. तुझ्या इअरफोनमध्ये यातलं काय आहे?

पुतणी गप्प झाली, पण पटलेलं नव्हतं. माझ्या मते ताईचं इथे बरोबर आहे. नवशिक्या गांगरतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ऐकलेल्या शंभर शब्दांपैकी पंचाण्णवच्या आसपास ओळखीचे असले तर उरलेल्या पाचांचा अर्थ संदर्भातून लागतो. शंभरातले साठ अनोळखी असले तर संदर्भच उरत नाही. ए-१ परीक्षेची ग्योथे-इन्स्टिट्यूटची शब्दसूची साडेसहाशेच्या आसपास शब्दांची आहे. एवढ्या शिदोरीवर बातम्यांचं पत्रक ऐकायला बसलं तर दोष भाषेचा नाही आणि मुलीचाही नाही, निवडीचा आहे. हीच फसगत लहान मुलांच्या कार्यक्रमांत होते. उंदराचं चित्र असलेला ‘डी झेन्डुंग मिट डेअर माउस’ हा कार्यक्रम जर्मन टीव्हीवर १९७१ पासून चालू आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी आहे म्हणून आपल्याला सोपा जाईल असं वाटतं. पण जर्मन घरातल्या पाच वर्षांच्या मुलाकडे काही हजार शब्द असतात.

पुतणी: मग तुझ्या पद्धतीने काय करायचं? आधी पुस्तक संपवायचं, बी-१ झालं की सिनेमा?

ताई: आमच्या वेळी तसंच होतं. कॅसेट आठवड्यातून एकदा लागायची.

पुतणी: म्हणूनच तुझे विद्यार्थी लेखी परीक्षेत पुढे असायचे आणि फोनवर अडायचे, हे तूच सांगितलंयस. पुस्तकातून आधी वाचलं की अक्षर इंग्रजीसारखं दिसतं आणि तोंडात इंग्रजी उच्चार बसतो. माझ्या वर्गातली अर्धी मुलं ‘इश’ला ‘इक’ म्हणतात. झेड दिसला की ‘झ’ म्हणतात. जर्मन झेड म्हणजे ‘चाक’मधला आपला च. तो तर आपल्या जिभेवर जन्मापासून आहे. पण ऐकल्याशिवाय कोणाला कळणार? व्ही दिसला की ‘व’ म्हणतात, तिथे ‘फ’ आहे. एकदा चुकीचा बसला की काढायला महिने जातात.

ताई: हे मान्य. उच्चार कानानेच यायला हवा, आणि तो पहिल्या आठवड्यापासून. त्यावर मी भांडत नाही. माझं भांडण लिंगावर आणि प्रत्ययावर आहे. डेअर, डी, डास. पुढे डेन, डेम, आइनेन. बोलताना जर्मन माणूस हे सगळं गिळतो. ‘आइन’ नुसता ‘न्’ होतो, ‘आइने’चं ‘ने’ होतं, ‘आइनेन’चं ‘नेन’. ‘हाबेन व्हिअर’ कानाला ‘हाम व्हिअ’ येतं. नुसतं ऐकून शिकलेली मुलं नाम बरोबर म्हणतात आणि त्याच्या पुढे काय लावायचं याचा त्यांना पत्ता नसतो. जे ऐकूच आलं नाही ते शिकणार कसं? म्हणून मजकूर समोर हवा. मजकूर नसलेला पॉडकास्ट ए-१ ला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे दोघींचं गाडं पहिल्यांदा एका जागी आलं. ऐकायचं, पण ज्याचा लिखित मजकूर हाताशी आहे तेच. मग पुतणीने मोबाइलवर ‘निकोस वेक’ काढलं. डॉइच वेलेने शिकणाऱ्यांसाठीच केलेली ही मालिका ए-१ पासून बी-१ पर्यंत जाते, learngerman.dw.com वर फुकट मिळते. निको नावाचा स्पॅनिश तरुण जर्मनीत उतरतो, त्याची बॅग हरवते आणि अनोळखी माणसं त्याला आसरा देतात. सलग बघितला तर तो सिनेमा आहे, पण धडे म्हणून छोटे छोटे तुकडे पाडलेले आहेत. एकेक तुकडा दोन-एक मिनिटांचा, त्याखाली सराव आणि पूर्ण संवादाचं लेखी रूप.

पुतणी: हे मी बघितलंय. एका रात्रीत बारा भाग. गोष्ट छान आहे.

ताई: गोष्ट कळली ती चित्रांमुळे. आता एकच भाग घे आणि वीस मिनिटं त्यातच राहा. पहिल्यांदा अक्षरं बंद. बघून झालं की मराठीत तीन ओळी लिही. कोण, कुठे, कोणाला काय हवंय. जर्मन शब्द लिहायचा नाही.

तिने लिहिलं. कोण आणि कुठे बरोबर होतं, काय हवंय यात गल्लत होती.

ताई: आता लेखी मजकूर उघड. अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मार. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त रेघा येत असल्या तर हा भाग आज तुझा नाही. चार भाग मागे जा. लाज वाटायचं कारण नाही. एवढी एक मोजणी केलीस तर गांगरणं निम्मं संपतं.

पुतणी: इथे पाचच रेघा आहेत अख्ख्या पानावर.

ताई: मग तुझा आहे. त्या पाचांचा अर्थ लिहून घे आणि मजकूर बघत परत ऐक. बोट ओळीखाली फिरव. जिथे डोळ्याला एक दिसतं आणि कानाला दुसरं ऐकू येतं, तिथे खूण कर. खरा अभ्यास या खुणांचा आहे, अनोळखी शब्दांचा नव्हे. ओळखीचा शब्द असून तो ऐकू का आला नाही, हे तिथे सापडतं.

खुणा सात-आठ निघाल्या. त्यातल्या निम्म्या एकाच प्रकारच्या होत्या, शेवटचा ‘एर’ नीट न उच्चारता ‘आ’कडे झुकणारा. ‘फाटर’ म्हणजे बाप, तो कानाला ‘फाटा’ ऐकू येतो. एकदा हे कळलं की पुढच्या सगळ्या भागांत ते कळतं. मला हा भाग फार मोलाचा वाटला. बारा भाग बघून जे हाती लागलं नव्हतं ते एका भागात मिळालं.

मग ताईने त्यातली पाच वाक्यं आवाजामागोमाग, अगदी अर्ध्या शब्दाच्या अंतराने, मोठ्याने म्हणायला लावली. अर्थाकडे लक्ष न देता फक्त चाल पकडायची. शेवटी मजकूर झाकून तीन वाक्यं ऐकून लिहायची आणि ताडून बघायची. दुसऱ्या दिवशी तोच भाग अक्षरांशिवाय एकदा, बसमध्ये.

पुतणी: आणि वाक्य फारच वेगात गेलं तर? मी वेग अर्ध्यावर आणते.

ताई: पाऊण पट चालेल, त्याखाली नको. जर्मनमध्ये ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ बदलतो. ‘मिटे’ म्हणजे मध्य आणि ‘मीटे’ म्हणजे भाडं. फार ताणलेल्या आवाजात ऱ्हस्व कुठला आणि दीर्घ कुठला, हे कानाला ठरवता येत नाही. त्यापेक्षा ते एक वाक्य मूळ वेगात पाच वेळा लाव.

यानंतर पुतणीने आपला खरा प्रश्न काढला, परीक्षेचा. ए-१ च्या श्रवण परीक्षेला तीन भाग असतात. पहिला आणि तिसरा भाग दोनदा ऐकवतात. मधला, ज्यात स्टेशन-विमानतळावरच्या घोषणा असतात, तो एकदाच. तिसऱ्यात फोनवर ठेवलेले निरोप. सराव परीक्षेत मधल्या भागात तिची धांदल उडाली होती.

पुतणी: पहिला शब्द सुटला की मी तोच शोधत बसते, तोवर घोषणा संपते.

ताई: पनवेल स्टेशनवर घोषणा होते तेव्हा तू सगळे शब्द ऐकतेस का?

पुतणी: नाही. गाडी कुठली आणि प्लॅटफॉर्म कितवा, तेवढंच.

ताई: बाकीचं कानाबाहेर सोडतेस, आणि त्याचं काही वाटत नाही. इथेही तसंच कर. प्रश्न आधी वाच. आकडा हवाय की जागा हवीय की वेळ, ते ठरव. मग त्या एकाच गोष्टीसाठी कान उघडा ठेव.

पुतणी: आकड्यांनाच तर घोळ होतो. सत्तेचाळीस आले की मी चुकते.

ताई: कसं मोजतेस? मनात काय येतं?

पुतणी: झीबेन उन्ट फिर्त्सिश. सात आणि चाळीस. फॉर्टी-सेव्हन… म्हणजे उलटं करायचं.

ताई: उलटं कशाला करतेस? सत्तेचाळीस! सात आधी, चाळीस नंतर. पंचवीस, फ्युन्फ उन्ट त्स्वान्त्सिश, पाच आणि वीस. मराठी आणि जर्मन दोन्हींत एकक आधी येतो. तू मधे इंग्रजीला आणतेस आणि मग परत फिरवत बसतेस. आकडे ऐकताना मराठीत ऐक.

पुतणी पाहत राहिली. तिने लगेच मोबाइलवर आकड्यांची एक ध्वनिफीत लावली आणि मराठीत आकडे लिहीत गेली. वहीत मोजक्याच चुका आल्या. शाळेपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांनी हे एक जरूर करून पाहावं. परदेशी भाषेकडे जाताना आपण सवयीने इंग्रजीच्या दारातून जातो, आणि जर्मनपुरतं तरी ते दार कित्येकदा लांबच्या रस्त्याचं असतं. तीन लिंगं आपल्याला मुळातच सवयीची आहेत, फक्त कोणत्या नामाला कोणतं हे नव्याने पाठ करायचं.

फोनवरच्या निरोपासाठी ताईने स्वतः एक वाक्य रचलं. “रूफेन झी मिश बिटे होयटे आबेन्ट आन.” म्हणजे आज संध्याकाळी मला फोन करा. पुतणीने ऐकलं आणि म्हणाली, “मला हाक मारा असं काहीतरी.” चूक तिची नव्हती. ‘रूफेन’ एकटं असेल तर हाक मारणं, आणि वाक्याच्या टोकाला बसलेल्या ‘आन’ने त्याचा फोन होतो. ती ‘आबेन्ट’वर थांबली, ‘आन’ तिच्या कानातून निसटलं. जर्मन ऐकताना शेवटचा छोटा शब्द येईपर्यंत वाक्याचा निकाल लावायचा नाही, ही शिस्त पहिल्यापासून लागते. नर्सच्या कामात तर ती फारच महत्त्वाची. ‘निश्ट’सुद्धा पुष्कळदा शेवटीच येतो, आणि ती गोळी द्यायची की नाही हे त्यावर ठरतं.

पुतणी: आणि गाणी? गाण्यांना तरी नको म्हणू नकोस. मला नेनाचं ते फुग्यांचं गाणं येतं.

ताई: १९८३ मधलं. मलाही आवडतं. पण त्याची गोष्ट भूतकाळात सांगितलेली, शब्द भराभर येतात, आणि यमकासाठी वाक्यं वाकवलेली. आवडीने म्हण. शिकायला घेऊ नकोस.

पुतणी: मग कुठलं?

ताई: ‘ग्र्यून, ग्र्यून, ग्र्यून’. बालगीत आहे. प्रत्येक कडव्यात कपड्यांचा एक रंग आणि तोच का आवडतो याचं कारण, की माझा प्रियकर अमुक काम करतो. हिरवा शिकाऱ्यासाठी, निळा खलाशासाठी, काळा धुरांडी साफ करणाऱ्यासाठी. साचा एकच, बदलतात दोनच शब्द. आणि कारण सांगणारं वाक्य ‘वाइल’ने सुरू होतं, तेव्हा क्रियापद शेवटी जातं. ‘वाइल इश क्रांक बिन’, कारण मी आजारी आहे. ‘आहे’ शेवटी. आपल्याला हे जड जायला नको. इंग्रजीतून आलेल्यांना हे शिकवताना मला घाम फुटायचा.

पुतणी: वाइल इश आउस शिरढोण कॉमे.

ताई: बरोबर! बघ, गाण्याच्या साच्यात आपलं वाक्य बसलं. गाण्याचा उपयोग एवढाच धर. साचा पाठ होतो. पण ऱ्हस्व-दीर्घ गाण्यावरून शिकू नकोस, कारण सूर लांबवायला ऱ्हस्वाचाही दीर्घ करतात.

पुतणी: हे मला पटत नाही. तू सगळ्याला वहीत आणतेस. मला जर्मन आवडायला लागलं तेच गाण्यांमुळे. तू सांगितलेलं वीस मिनिटांचं मी करीन, पण त्यानंतरचा तासभर मला काही न कळलेलं ऐकायचं असेल तर?

ताई: ऐक की. पण त्याला अभ्यास म्हणू नकोस आणि त्यातलं कळलं नाही म्हणून रडू नकोस.

या एका वाक्यात मला दोघींच्या वादाचं उत्तर दिसतं. जर्मन सिनेमा जरूर बघावा, आणि तो बघताना वही नसावी. २००३ चा ‘गुड बाय, लेनिन!’ घ्या. पूर्व बर्लिनमधली आई १९८९ मध्ये बेशुद्ध पडते, शुद्धीवर येते तोवर भिंत पडलेली असते, आणि तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा ते सगळं तिच्यापासून लपवतो. हा सिनेमा इंग्रजी उपशीर्षकांसह आधी गोष्टीसाठी बघावा. दोन तासांच्या सिनेमातून ए-१ वाल्याने अभ्यासाला घ्यायचं ते एखादं दोन मिनिटांचं घरगुती दृश्य, जेवणाचं किंवा निरोपाचं, आणि तेही जर्मन उपशीर्षकं लावून. अख्ख्या सिनेमाचा प्रत्येक शब्द शोधत बसलेली माणसं विसाव्या मिनिटाला बंद करतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पुतणी: आणखी एक. ‘इझी जर्मन’. रस्त्यावरच्या माणसांना प्रश्न विचारतात. खाली जर्मन आणि इंग्रजी दोन्ही ओळी असतात.

ताई: ती खरी भाषा आहे, गिळलेल्या शब्दांची. निको फार स्वच्छ बोलतो, त्यावरच थांबलीस तर तिकडे गेल्यावर बसस्टॉपवरही गोंधळशील. पण आत्ता नाही, ए-२ च्या मध्यावर. आणि इंग्रजी ओळ खालची आहे ना? त्यावर कागदाची पट्टी चिकटव. दोन्ही दिसल्या की डोळा इंग्रजीकडेच पळतो, कानाला काम उरत नाही.

पुतणी: ए-२ च्या मध्यावर आले हे कळणार कसं?

ताई: न बघितलेला भाग लाव. अक्षरं बंद, एकदाच. तीन गोष्टी बरोबर सांगता आल्या, आणि हे लागोपाठ तीन-चार भागांत जमलं, की पुढे सरक. नाही जमलं तर त्याच पातळीवर आणखी आठ दिवस.

पुतणी: आणि श्टुटगार्टला गेल्यावर? तिथले म्हातारे पेशंट म्हणे वेगळंच बोलतात.

ताई: श्वेबिश. ‘निश्ट’चं ‘नेट’ म्हणतात, शब्दाच्या मागे ‘ले’ लावतात. ते तिथेच शिकशील. ‘नेट’ ऐकलंस की कानाने ‘निश्ट’ ओळखायला हवं, म्हणजे आज ते ‘निश्ट’ पक्कं बसलेलं असायला हवं. चल, तीन वाक्यं राहिलीत लिहायची. मजकूर झाक.

पुतणी: दोनच लिहिते. तिसऱ्याऐवजी गाणं.

ताई: गाण्यातलं तिसरं कडवं, आणि रंग तुझा तू बदलायचास. काम करणाराही.

पुतणी: पांढरा. नर्स.

ताई: म्हण.